एमआयआरआर काढताना तो दुसरा रेट कुठून आणायचा

इंदूरला मी छोट्या युनिटांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बनवतो, बँकेला द्यायचे असतात ते. त्यात आयआरआर, म्हणजे प्रोजेक्टमध्ये अडकलेल्या पैशावरचा वार्षिक परतावा, सगळ्यांना माहीत असतो, एक्सेलमध्ये टाकला की टक्का येतो, लोक खूश. एमआयआरआर, म्हणजे त्याचंच सुधारलेलं रूप, म्हटलं की मात्र माणूस गोंधळतो, कारण तिथे एक्सेल आणखी दोन रेट मागतं आणि ते कुठून आणायचे हे कोणी सांगत नाही. मग लोक दोन्हीकडे १२ टक्के टाकून मोकळे होतात. खरं म्हणजे त्यातला एक रेट, मधे मिळालेला पैसा पुढे कोणत्या दराने वाढेल तो, सगळा निकाल फिरवू शकतो. तो कसा ठरवायचा आणि चुकला की काय होतं हे एका उदाहरणावरून सांगतो, उदाहरण माझ्या मामांचं आहे, आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल केलेत.

मामांचं सांवेर रोडला नमकीनचं छोटं युनिट आहे, सेव आणि मिक्श्चर. हातात १० लाख होते आणि डोक्यात दोन प्लॅन. एक, ऑटोमॅटिक पाउच पॅकिंग मशीन घ्यायचं आणि स्वतःच्या मालाबरोबर दुसऱ्यांचंही पॅकिंग करून द्यायचं. काम तयार होतं, म्हणजे पहिल्या वर्षापासून पैसा, पण मशीन जुनं होत जाणार, पार्टीही दोन-तीन वर्षांत स्वतःचं मशीन घेणार, म्हणून कमाई उतरत जाणार. दोन, विजयनगरकडे रिटेल दुकान टाकायचं. तिथे पहिली दोन वर्षं नुसतं गिऱ्हाईक जमवण्यात जाणार, मग कमाई चढत जाणार.

मामांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, आयआरआर काढून बसला होता. मशीनचा १९ टक्के, दुकानाचा १७. रविवारी राजेंद्रनगरला पोहे-जलेबी खाताना मामा म्हणाले, "अरे, १९ मोठा की १७? मशीन घ्यायचं, संपलं." मी म्हटलं मामा, दोन मिनिटं थांबा, कागद द्या.

आधी कागदावर पैसे मांडायचे

पहिलं काम, दर वर्षी हातात किती येणार ते टॅक्स कापून लिहायचं. टॅक्स कापून हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शून्य वर्ष म्हणजे आज, तिथे उणे १० लाख. शीटमध्ये ए कॉलमला वर्ष, बी ला मशीन, सी ला दुकान, पहिली ओळ हेडिंगची, आकडे दुसऱ्या ओळीपासून सातव्यापर्यंत.

```
वर्ष   मशीन      दुकान
0    -1000000   -1000000
1     450000     100000
2     400000     200000
3     300000     300000
4     200000     500000
5     150000     700000
```

मशीनच्या शेवटच्या दीड लाखात भंगारात विकून येणारी रक्कम धरलीय, दुकानाच्या सात लाखांत दुकानमालकाकडे ठेवलेलं २ लाखांचं डिपॉझिट परत येणं धरलंय. हे असं बाजूला लिहून ठेवायची सवय लावा, कारण नंतर कोणता आकडा पक्का आणि कोणता आशेवर आहे हे शीट सांगत नाही.

मग आयआरआर काढायचा.

```
=IRR(B2:B7)
=IRR(C2:C7)
```

मशीन १९.०७ टक्के, दुकान १७.१६. मामेभावाचं गणित बरोबरच होतं, चूक गणितात नव्हतीच.

१९ टक्के कशावर

आता ही जागा नीट वाचा, कारण एमआयआरआर का लागतो ते इथे कळतं.

मामांना मी विचारलं, १० लाख पाच वर्षं १९.०७ टक्क्यांनी चक्रवाढीने ठेवले तर किती होतील? मोबाइलवर काढलं, २३ लाख ९३ हजार. मग म्हटलं मशीनमधून पाच वर्षांत एकूण किती येतात? ४.५ आणि ४ आणि ३ आणि २ आणि दीड, १५ लाख. मामा म्हणाले, "मग वरचे ९ लाख कुठे गेले?"

कुठेच गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. १९ टक्के हा रेट पूर्ण १० लाखांवर पाच वर्षं मिळत नाही, तो फक्त मशीनमध्ये अजून अडकून असलेल्या पैशावर मिळतो. उधारीसारखं बघा. मशीनला तुम्ही १० लाख उधार दिले. वर्षभराने व्याजासकट ११.९१ झाले, मशीनने ४.५ फेडले, उरले ७.४१. दुसऱ्या वर्षी ते ८.८२ झाले, ४ फेडले, उरले ४.८२. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी उरले २.७४, चौथ्याच्या शेवटी १.२६, आणि पाचव्या वर्षी दीड लाख देऊन हिशेब शून्य. म्हणजे दोनच वर्षांत निम्म्यापेक्षा जास्त मुद्दल बाहेर आलं, आणि बाहेर आलेल्या पैशावर १९ टक्के कोण देतंय? मशीन तर देत नाही. तो पैसा आता तुमच्या खिशात आहे, त्याचं काय होणार ते तुमच्यावर.

बरेच लोक लिहितात की आयआरआर असं मानतो की मधला पैसा त्याच रेटने परत गुंतवला जातो. माझ्या मते हे अर्धवट आहे. आयआरआरचं समीकरण काहीच मानत नाही, ते फक्त वरची उधारी शून्यावर आणणारा रेट शोधतं. मानतो तो वाचणारा, जेव्हा तो १९ टक्क्यांची तुलना एफडीच्या रेटशी करतो आणि मनात पूर्ण १० लाख पाच वर्षं १९ ने वाढताना बघतो. ते चित्र खरं व्हायचं असेल तर मधे आलेला प्रत्येक रुपयाही १९ टक्क्यांनी वाढायला हवा. मामेभावाची गडबड तिथेच झाली होती.

एमआयआरआर एवढंच करतो की ही गोष्ट तुमच्याकडून उघड वदवून घेतो. मधला पैसा कोणत्या रेटने वाढेल ते तुम्ही सांगा, मग तो सगळा पैसा पाचव्या वर्षाच्या शेवटापर्यंत वाढवून एक रकमी करतो, आणि विचारतो की १० लाखांचे एवढे झाले, तर वर्षाला किती टक्के पडले.

तो रेट कुठून आणायचा

सूत्रापेक्षा ह्याला जास्त वेळ द्या. मी रेट शोधत नाही, मी एक साधा प्रश्न विचारतो: पहिल्या वर्षी साडेचार लाख आले की दुसऱ्या दिवशी ते कुठे जाणार? खरं खरं सांगा.

मामा आधी म्हणाले धंद्यातच लावणार. मी म्हटलं धंद्यात म्हणजे कुठे, दुसरं मशीन घेणार का? नाही. कच्चा माल जास्त भरणार का? तोही नाही, गोदाम तेवढंच आहे. मग थोडं थांबून म्हणाले, सीसी खात्यात जाईल आणि काय. आता सापडलं. सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, त्याची लिमिट वापरलेली असते, खात्यात पैसा टाकला की तेवढ्यावरचं व्याज वाचतं. त्यांचा सीसीचा रेट १०.२ टक्के. म्हणजे मधला पैसा १०.२ टक्के कमावणार? पूर्ण नाही, कारण व्याज हा धंद्याचा खर्च आहे, तो कमी झाला की नफा वाढतो आणि त्यावर टॅक्स लागतो. मामा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. शंभरातले ६८.८ उरतात, १०.२ चे राहिले ७.०२. आपण ७ धरू.

आपले वरचे आकडे टॅक्स कापून आहेत म्हणून रेटही टॅक्स कापूनच घ्यायचा. एकीकडे कापलेले आणि दुसरीकडे न कापलेले असं घेतलं की उत्तर फुगतं, आणि फुगलंय हे दिसत नाही कारण आकडा शहाण्यासारखा दिसतो.

सीसी नसती आणि पैसा ७ टक्क्यांच्या एफडीत गेला असता तर टॅक्सनंतर ४.८ टक्के. करंट खात्यात नुसता पडून राहिला असता तर शून्य. आणि घरखर्चात किंवा मुलीच्या लग्नात गेला असता तर प्रोजेक्टच्या दृष्टीने तोही शून्यच. हे लोकांना आवडत नाही पण बहुतेक छोट्या धंद्यांत मधला पैसा इथेच कुठेतरी जातो. जास्त रेट टाकायचा हक्क तुम्हाला तेव्हाच, जेव्हा दुसरं काम डोळ्यासमोर आहे, त्याला पैसा कमी पडतोय आणि त्यातून तेवढी कमाई होते हे तुम्ही आधी करून बघितलंय.

एक चूक मी सुरुवातीला स्वतः करायचो, एका रिपोर्टमध्ये मी पुनर्गुंतवणुकीचा रेट म्हणून प्रोजेक्टचाच आयआरआर टाकला होता, वाटलं जुळून आलं, छान, दोन्ही आकडे सारखे. अर्थात सारखेच येणार! तो रेट टाकला की एमआयआरआर परत आयआरआरच होतो, म्हणजे मी काहीच तपासलं नव्हतं, आरशात बघून दुसरा साक्षीदार मिळाला म्हणत होतो.

आता हाताने एकदा करा

फंक्शन वापरायच्या आधी एकदा हाताने करा, नाहीतर आत काय चाललंय ते कळत नाही. ७ टक्के धरून मशीनचा पैसा पाचव्या वर्षाच्या शेवटापर्यंत नेऊ. पहिल्या वर्षीचे साडेचार लाख चार वर्षं वाढणार, दुसऱ्या वर्षीचे चार लाख तीन वर्षं, असं करत शेवटचे दीड लाख जसेच्या तसे. लोक इथे एक वर्ष जास्त मोजतात, पहिल्या वर्षीचे पैसे वर्षाच्या शेवटी हातात आले म्हणून चारच वर्षं, पाच नाही.

```
450000 × 1.07^4 = 589858
400000 × 1.07^3 = 490017
300000 × 1.07^2 = 343470
200000 × 1.07   = 214000
150000          = 150000
एकूण            = 1787345
```

१० लाखांचे १७ लाख ८७ हजार झाले. आता त्याचा वार्षिक रेट.

```
=(1787345/1000000)^(1/5)-1
```

१२.३२ टक्के. १९ चा झाला १२. मामांचा चहा तिथेच राहिला.

दुकानाचं तसंच केलं तर १ लाखाचे १.३१, २ चे २.४५, ३ चे ३.४३, ५ चे ५.३५ आणि ७ चे ७, एकूण १९ लाख ५५ हजार, म्हणजे १४.३४ टक्के. आयआरआरमध्ये मशीन पुढे होतं, इथे दुकान दोन टक्क्यांनी पुढे गेलं. पैसे तेच, वर्षं तीच, फक्त मधल्या पैशाचं काय होणार हे आम्ही खरं बोललो.

का पलटलं ते बघा. मशीनच्या १७.८७ लाखांत स्वतः मशीनने दिलेले १५ आहेत, उरलेले २.८७ लाख सीसीत वाचलेल्या व्याजाचे. दुकानाच्या १९.५५ मध्ये दुकानाचे स्वतःचे १८ आणि व्याज फक्त १.५५. मशीन पैसा लवकर देतं म्हणून तो पैसा बाहेर जास्त दिवस राहतो, आणि बाहेरचा रेट कमी असला की सगळ्यात जास्त मार त्यालाच. दुकानाचा पैसा उशिरा येतो, तो बाहेर फार राहतच नाही, म्हणून त्याला त्या रेटचं फारसं देणंघेणं नाही.

एक्सेलमध्ये कसं टाकायचं आणि कुठे फसतात

```
=MIRR(B2:B7, 10%, 7%)
```

कंसात आधी आकडे, मग फायनान्स रेट, मग पुनर्गुंतवणुकीचा रेट. क्रम हाच. फायनान्स रेट हा मधल्या वर्षांतही पैसे घालावे लागत असतील तर त्या उणे आकड्यांना आजच्या किमतीत आणायला लागतो. आपल्याकडे उणे आकडा एकच आहे आणि तोही आजचाच, म्हणून तिथे १० टाका नाहीतर २५ टाका, उत्तर १२.३२ च येणार.

ह्याचाच उपयोग करून क्रम तपासता येतो. सगळा खर्च सुरुवातीलाच असेल तर कंसातला मधला, म्हणजे फायनान्स रेट बदलून बघा, उत्तर हललं तर तुम्ही दोन्ही रेट उलटे टाकलेत किंवा रेंज चुकलीय. ही उलटापालट मी बऱ्याच शीटमध्ये बघितलीय. समजा १२ आणि ७ टाकायचे होते आणि उलटे पडले, तर मशीनचा एमआयआरआर १२.३२ च्या जागी १५.१० दिसतो, एरर वगैरे काही येत नाही, शीट मुकाट्याने चुकीचा आकडा देतं.

दुसरी गंमत रिकाम्या सेलची. एखाद्या वर्षी काहीच आलं नाही म्हणून सेल रिकामा सोडला तर एक्सेल ते वर्ष मोजतच नाही, पुढचे सगळे आकडे एक वर्ष अलीकडे सरकतात आणि रेट वाढून दिसतो. म्हणून काही आलं नाही तर शून्य लिहायचं, रिकामं ठेवायचं नाही. आणि उलट, शेवटी उगाच शून्यं जोडली तर ती मोजली जातात. मशीनच्या पाच वर्षांपुढे कोणी तीन शून्यं लावून आठ वर्षांचं शीट केलं तर १२.३२ चा १०.२९ होतो, कारण आता सगळा पैसा आणखी तीन वर्षं ७ टक्क्यांवर बसलाय आणि सरासरी हळूहळू ७ कडे ओढली जातेय. म्हणून दोन प्रोजेक्टची तुलना करताना दोघांची वर्षं एकच घ्या, एक पाच वर्षांचा आणि एक आठचा असेल तर दोघांना आठपर्यंत न्या आणि मगच बोला.

#DIV/0! आलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा सुरुवातीच्या आकड्याला उणे चिन्ह द्यायचं राहिलेलं असतं. आणि आकडे महिन्याचे असतील तर रेटही महिन्याचाच लागतो, उत्तरही महिन्याचंच येतं, त्याचं वर्षाचं करायला १२ ने गुणायचं नाही, चक्रवाढ करायची.

```
=(1+MIRR(B2:B62, r_f, r_r))^12-1
```

इथे r_f आणि r_r च्या जागी महिन्याचे रेट टाकायचे, आणि रेंज ६१ ओळींची आहे कारण शून्य महिना धरून पाच वर्षं.

एकच रेट टाकून थांबू नका

मामांना ७ टक्के पटले पण मामेभावाला नाही, तो म्हणाला दादा, मी हा पैसा १८ टक्क्यांनी फिरवू शकतो, बाजारात उधारीवर माल सोडतात ना, त्यात. ठीक, भांडायचं कशाला, वेगवेगळे रेट टाकून बघू. डावीकडे मधल्या पैशाचा रेट, मग मशीन, मग दुकान.

```
रेट     मशीन     दुकान
0%      8.45%   12.47%
4.8%   11.10%   13.75%
7%     12.32%   14.34%
10%    13.99%   15.16%
18%    18.47%   17.40%
```

दोन गोष्टी दिसतात. शून्य ते १८ मध्ये मशीन १० टक्के हललं, दुकान ५ पेक्षा कमी. म्हणजे मशीनच्या आकड्यातला मोठा भाग मशीनचा नाहीच, तो मामा नंतर पैशाचं काय करतात त्याचा आहे. आणि १८ ला मशीन पुढे जातं, म्हणजे १० आणि १८ च्या मधे कुठेतरी दोघं बरोबरीत येतात.

तो बरोबरीचा रेट शोधायला फार खटपट नाही. डी कॉलममध्ये दर वर्षी दुकानातून मशीन वजा करा, आणि त्या फरकाचा आयआरआर काढा. शून्य वर्षाचा फरक शून्य आहे म्हणून पहिल्या वर्षापासून घ्या.

```
=IRR(D3:D7)
```

फरक असा येतो: उणे साडेतीन लाख, उणे २ लाख, शून्य, अधिक ३ लाख, अधिक साडेपाच लाख. उत्तर १४.१८ टक्के. म्हणजे दुकान घेणं म्हणजे पहिल्या दोन वर्षांत मशीनपेक्षा साडेपाच लाख कमी घेऊन नंतर साडेआठ लाख जास्त घेणं, आणि ह्या थांबण्याची मजुरी १४.१८ टक्के आहे. तुमच्याकडे लवकर आलेला पैसा टॅक्स कापून १४.१८ पेक्षा जास्त कमावू शकत असेल तर मशीन, नसेल तर दुकान.

मला हा आकडा एमआयआरआरपेक्षाही कामाचा वाटतो. कारण आता पुनर्गुंतवणुकीचा रेट बरोब्बर किती हे ठरवावं लागत नाही, फक्त १४ च्या वर की खाली एवढंच सांगायचं. मामेभावाला विचारलं, १८ टक्के टॅक्स कापून की आधी? आधी, म्हणाला. मग ३१.२ कापले तर १२.३८ राहिले. आणि उधारीतली बुडीत? तो काही बोलला नाही, मामाच हसले, "बुडीत मला विचार."

हा शॉर्टकट दोन्हीत सुरुवातीची रक्कम सारखी आणि वर्षं सारखी आहेत म्हणून इतका सरळ चालला. रक्कम वेगळी असेल, म्हणजे एक प्रोजेक्ट २ लाखांचा आणि २० टक्के एमआयआरआरचा, दुसरा १० लाखांचा आणि १४ चा, तर २० बघून पहिला घेऊ नका. उरलेले ८ लाख कुठे ठेवणार ते त्यात मोजलेलंच नाही. ते ८ लाखही त्याच ७ टक्क्यांवर वाढवा, पाचव्या वर्षीची एकूण रक्कम काढा आणि रक्कम रकमेशी लावा. २ लाखांचे २० ने ४.९८ आणि ८ लाखांचे ७ ने ११.२२, मिळून १६.२०. दुसरीकडे १० लाखांचे १४ ने १९.२५. टक्क्यात हरलेला तीन लाखांनी जिंकतो.

आणखी एक अडचण सांगतो. एमआयआरआर सगळ्या वर्षांना एकच रेट लावतो. मामांची वापरलेली सीसी समजा ८ लाखच आहे. मशीनचे पहिल्या दोन वर्षांतच साडेआठ लाख येतात, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सीसी पूर्ण भरली, पुढचा पैसा टाकायला जागाच नाही, तो एफडीत ४.८ वर जाणार. फंक्शन हे करू शकत नाही. पण आपण हाताने केलेली पद्धत करू शकते, वर्षावर्षाची शिल्लक मांडा, ८ लाखांपर्यंतच्या भागाला ७, वरच्याला ४.८, आणि शेवटी येणाऱ्या रकमेचं तेच पाचवं मूळ. मशीनचा आकडा १२.३२ च्या आणखी खाली येतो, दुकानाचा त्यामानाने थोडासाच, कारण दुकानाचे ८ लाख जमायला चौथं वर्ष उजाडतं.

मग दुकानच का

इथे मामेभावाने खरा चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, दादा, मशीनचे पैसे तर पहिल्या दोन वर्षांत येतात, ते मला दिसतायत, ऑर्डर हातात आहे. दुकानाचे सात लाख पाचव्या वर्षी, ते तू कुठून आणलेस?

बरोबर आहे. पुनर्गुंतवणुकीच्या रेटचा धोका मशीनला जास्त, पण अंदाज चुकण्याचा धोका दुकानाला जास्त, आणि एमआयआरआर दुसऱ्याबद्दल काहीही बोलत नाही. त्याला आकडे दिले की तो ते खरे धरतो. म्हणून निकाल पलटायला दुकानाचा पाचव्या वर्षीचा आकडा किती खाली यावा लागेल ते काढलं. ७ टक्क्यांवर दोघांच्या शेवटच्या रकमेतला फरक १ लाख ६७ हजार. पाचव्या वर्षीचा पैसा वाढतच नाही, जसा येतो तसाच मोजला जातो, म्हणून सरळ वजाबाकी: ७ लाखांतून १.६७ गेले, ५.३३ उरले. पाचव्या वर्षी दुकानाने ५ लाख ३३ हजारांपेक्षा कमी दिले तर ७ टक्क्यांवरही मशीनच पुढे.

मग सुरुवातीला बाजूला लिहून ठेवलेली ती ओळ आठवली, सात लाखांत २ लाख डिपॉझिट आहे. ते नाही आलं तर उरले ५ लाख, दुकान ११.९० वर येतं आणि मशीन १२.३२ वर तसंच उभं. म्हणजे आम्ही तासभर ज्या रेटवर बोललो तो एकीकडे, आणि सगळा निकाल एका दुकानमालकाच्या दोन लाखांवर लटकलेला.

मामांनी मशीनवाल्याला आठ दिवस थांबायला सांगितलं आणि दुकानमालकाला फोन लावला, डिपॉझिट परत करायची अट अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून देता का म्हणून.